बिल छापल्यानंतरचे शंभर रुपये

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो आणि शिवगंगेच्या खोऱ्यात, वरवे बुद्रुक, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यात, महामार्गाच्या कडेनं हॉटेलं दिसू लागतात. इथलं गिऱ्हाईक वाटेवरचं असतं. कुणी महाबळेश्वरला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट बंगळुरूला निघालेलं असतं, आणि जेवण झाल्यावर त्याला टेबलावर बसून राहायचं नसतं. त्यामुळे शहरातल्या हॉटेलांसारखं बिल फोल्डरमध्ये घालून टेबलावर नेणं, कार्ड घेऊन जाणं, परत आणणं हे सगळीकडे होत नाही. बहुतेक माणसं हात धुऊन, बिल हातात घेऊन सरळ गल्ल्यावर येतात आणि तिथंच कार्ड पुढं करतात. तेव्हा ज्यानं वाढलं तो पोरगा दुसऱ्या टेबलावर ताक आणि भाकरी पोचवत असतो. गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या माणसाला म्हणतं, ‘त्या पोराचे शंभर वाढवून घ्या.’ गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो, मशीनवर बिलापेक्षा शंभर जास्तीचा आकडा दाबतो, गिऱ्हाईक पिन टाकतं आणि निघून जातं. ज्याच्यासाठी पैसे दिले त्याला ते दिल्याचं कळलेलं नसतं. या धंद्यातलं गल्ल्याचं आणि रात्रीच्या हिशेबाचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की पुढचा सगळा घोळ या अर्ध्या मिनिटात ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ते शंभर रुपये हॉटेलचे नाहीत, ते हॉटेलच्या खात्यातून फक्त पुढं जातात. म्हणून ते मशीनवर बिलाच्या रकमेत मिसळून नव्हे, तर टिप म्हणून वेगळे भरले पाहिजेत, आणि त्याच रात्री ज्याचे त्याला गेले पाहिजेत.

हे वेगळं भरणं म्हणजे नेमकं काय, ते एका बिलावरून पाहू. चार जणांचं जेवण ₹१२०० चं झालं, त्यावर हॉटेलचा ५ टक्के जीएसटी ₹६०, म्हणजे छापील बिल ₹१२६०. टिप शंभर. हे ₹१३६० मशीनमधून घेण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, नेहमीच्या विक्रीच्या पर्यायात सरळ १३६० दाबायचे. स्लिपवर एकच आकडा येतो. दुसरी, मशीनवर टिपची सोय सुरू असेल तर आधी १२६० दाबायचे, मग मशीन टिप विचारतं तिथं १०० दाबायचे. एकूण १३६० पडद्यावर दिसतात आणि त्या रकमेवर गिऱ्हाईक पिन टाकतं. स्लिपवर मूळ रक्कम, टिप आणि एकूण अशा तीन ओळी उमटतात. तिसरी तऱ्हा अशी की १२६० चा व्यवहार पुरा होऊ द्यायचा आणि नंतर, रात्री सेटलमेंट मारायच्या आधी कधीही, मेनूमधून तो व्यवहार त्याच्या क्रमांकावरून उघडायचा आणि त्यात शंभर वाढवायचे. पुष्कळ मशीनवर टिपची सोय मुळात बंदच असते, ती बँकेकडे मागून सुरू करून घ्यावी लागते. त्यामुळे पहिली तऱ्हा रूढ झाली, ती कुणी विचार करून निवडलेली नाही.

तिसरी तऱ्हा अमेरिकेतली. आपल्याकडची तिथं राहणारी पोरंबाळं पहिल्यांदा हॉटेलात जातात तेव्हा चक्रावतात. फोनवर चाळीस डॉलरचा संदेश येतो आणि दोन दिवसांनी खात्यात अठ्ठेचाळीस डॉलर वजा झालेले दिसतात. कारण कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी बँकेकडून परवानगी मिळते, पैसे प्रत्यक्ष मागितले जातात ते नंतर, दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांबरोबर. तिथं गिऱ्हाईक परवानगीच्या स्लिपवर हातानं टिप लिहून सही करतं, आणि हॉटेलवाले रात्री तो आकडा मशीनमध्ये चढवतात. ही रीत सहीवर उभी आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं डेबिट कार्डाला दुकानातल्या मशीनवर पिन सक्तीचा केला तो डिसेंबर २०१३ पासून, आणि तेव्हापासून आपल्या गिऱ्हाईकाच्या मनात पक्कं बसलंय की ज्या आकड्यावर मी पिन टाकला तोच आकडा माझा. हे बरोबरच आहे. १२६० वर पिन टाकून घेऊन नंतर १३६० मागितले, तर गिऱ्हाईकाच्या फोनवरचा संदेश आणि खातं जुळत नाही. तोवर ते निपाणी ओलांडून गेलेलं असतं, आणि तिथून बँकेकडे तक्रार करतं. बँक हॉटेलकडे सहीची स्लिप मागते. सहीची सवयच मोडल्यामुळे ती नसते, आणि मग नुसती टिप नाही, वादाच्या काळात आख्खी रक्कमही अडकू शकते. म्हणून नंतर वाढवण्याची रीत आपल्याकडे वापरू नये. बिल छापल्यानंतर पण पिनच्या आधी, ही टिपची योग्य जागा आहे.

आता रात्रीचा हिशेब. पहिल्या तऱ्हेनं चालणाऱ्या हॉटेलात दिवसभराची कार्डावरची बिलं, बिलिंगच्या संगणकाप्रमाणे, ₹१८,४०० ची झाली असं धरा. गिऱ्हाइकांनी मिळून ₹६५० टिप दिली. मधे एका बिलाला घाईत १२६० ऐवजी ११६० दाबले गेले, म्हणजे शंभरची तूट. मशीनची सेटलमेंट स्लिप सांगणार ₹१८,९५०. संगणक सांगतो १८,४००. फरक ५५० जास्तीचा. गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, आज टिप साडेपाचशे. तेवढे रोख काढून तो वाढप्यांना वाटून टाकतो आणि हिशेब जुळला म्हणून वही मिटतो. हिशेब जुळलेला नाही. गल्ल्यावरची चूक वाढप्यांनी भरून दिलेली आहे, आणि ते ना वाढप्यांना कळलं, ना मालकाला. आता हाच दिवस वेगळ्या रकान्यानं पाहा. मशीनची मूळ रक्कम १८,३००, टिप ६५०, एकूण तेच १८,९५०. संगणकाच्या १८,४०० समोर १८,३०० ठेवले की शंभरची तूट लख्ख दिसते. दुपारच्या स्लिपा चाळल्या की ती कुठल्या बिलाची हेही पाच मिनिटांत सापडतं. टिपच्या ६५० ला कुणी हात लावायची गरज पडत नाही.

मालक मंडळींना मला नेहमी हाच भाग आधी दाखवावासा वाटतो, कारण टिपचा विषय काढला की त्यांना वाटतं, वाढप्यांची बाजू घेऊन कुणीतरी बोलतंय. पण मिसळलेली टिप पहिल्यांदा मालकाला आंधळं करते. जास्तीचा आकडा रोजच येणार हे एकदा मान्य केलं की त्या आकड्याच्या आड काहीही लपतं. चुकीची दाबलेली रक्कम लपते. एकदा रद्द करून दुसऱ्यांदा घेतलेला व्यवहार लपतो. आणि गल्ल्यातून ‘टिपचे’ म्हणून काढलेली रोकड खरंच तेवढीच होती का, याला तर काहीच पुरावा उरत नाही, कारण पुरावा म्हणजे स्लिपवरची टिपची ओळ, आणि ती छापलीच गेलेली नाही. प्रामाणिक माणूस गल्ल्यावर असला तरी त्याला आपला प्रामाणिकपणा दाखवता येत नाही. पोरं त्याच्याकडे संशयानं बघतात, आणि त्याला त्यावर उत्तर देता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

हे पैसे कुणाचे, याबद्दल आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं बोलून ठेवलेलं आहे, तेही नेमकं कार्डावरच्या टिपबद्दल. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांविषयीचं प्रकरण होतं, निकाल एप्रिल २०१६ चा. आयकर खात्याचं म्हणणं असं की कार्डावर आलेली टिप आधी हॉटेलच्या खात्यात जमा होते, मग हॉटेल ती नोकरांना वाटतं, म्हणजे तो पगारच झाला आणि हॉटेलनं त्यावर आयकर कापायला हवा होता. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये खात्याची बाजू उचलून धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. टिप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही. मालकाच्या हातात ती येते ती विश्वस्ताच्या नात्यानं, पुढं देण्यासाठी. म्हणून तो पगार नाही आणि मालकावर कर कापण्याची जबाबदारी नाही. ज्याला मिळाली त्याच्या हातात ते इतर उत्पन्न. हा निकाल कराचा आहे, वाटणी कशी करायची ते तो सांगत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. पण मालक करातून सुटला तो कशाच्या आधारावर? पैसे माझे नाहीत, या आधारावर. मग ज्या हॉटेलाच्या वहीत ते पैसे विक्रीत मिसळलेले आहेत, त्यानं तो आधार स्वतःच पुसून टाकलेला असतो.

जीएसटीच्या अंगानंही तेच. बिल १२६० चं, बँकेत आले १३६०. वर्षभर असं चाललं की बँकेतला कार्डाचा आकडा विवरणपत्रातल्या विक्रीपेक्षा मोठा दिसतो. कर खाती आता हे आकडे शेजारी ठेवून बघतात. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना युपीआयवर आलेल्या रकमा मोजूनच नोटिसा गेल्या होत्या. जास्तीची रक्कम ही विक्री नसून टिप आहे असं सांगायचं, तर ती टिप वेगळी दाखवलेली आणि कुणाला तरी दिलेली असली पाहिजे. वहीत याची नोंद अवघड नाही. विक्री १२००, जीएसटी ६०, आणि ‘टिप देणे’ या खात्यावर १००. वाढप्याला रोख दिली की ते खातं शून्यावर येतं. ज्या हॉटेलात ते खातं महिन्यामागून महिने फुगत जातं, तिथं टिप वाटली जात नाही हे ओळखायला दुसरं काही बघावं लागत नाही.

टिप आणि सर्व्हिस चार्ज यांची इथं गल्लत होते. सर्व्हिस चार्ज बिल छापतानाच घातला जातो, त्यामुळे तो हॉटेलच्या किमतीचाच भाग होतो आणि त्यावर जीएसटीही लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये असा आकार आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. त्या तत्त्वांमध्ये टिपबद्दल एक फार सरळ विचार आहे. जेवण झाल्यावरच गिऱ्हाईकाला सेवा कशी होती ते ठरवता येतं, म्हणून टिप द्यायची की नाही आणि किती, हे तेव्हा त्यानंच ठरवायचं. बिल छापल्यानंतर मशीनवर टिप भरणं ही पळवाट नाही, तर टिप जशी असायला हवी तशीच आहे. अट एकच, आकडा गिऱ्हाईकाचा हवा.

आक्षेप इथंच पहिला येतो. मशीननं टिप विचारली की माणसाला संकोच होतो, मागे लोक उभे असतात, नाही म्हणवत नाही. हा आक्षेप खरा आहे. परदेशात पडद्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के अशी बटणं येतात, आणि त्यातलं सगळ्यात लहान बटणही दाबणाऱ्याला कंजूष ठरवून जातं. तसली बटणं आपल्याकडे आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. टिपची जागा रिकामी असावी आणि काही न भरता हिरवं बटण दाबलं की व्यवहार पुढं सरकावा. मशीन गिऱ्हाईकाच्या हातात द्यावं, गल्ल्यावरच्यानं तोंडानं विचारू नये. आणि गर्दीच्या वेळी आणखी सोपं म्हणजे, गिऱ्हाईक स्वतःहून बोललं तरच टिपच्या जागी आकडा टाकायचा, एरवी शून्य. माझा आग्रह टिप मागण्याचा नाही, दिलेली टिप वेगळी लिहिण्याचा आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा, की दोन आकडे दाबायला कुणाला सवड आहे? एक आकडा जास्तीचा दाबायला लागतात ते दोनतीन सेकंद. वेळ जातो तो दुसऱ्याच ठिकाणी. टॅप करून पिनशिवाय पैसे देण्याची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ₹५००० आहे. मोठ्या कुटुंबाचं बिल ४९०० झालं, गिऱ्हाईक टॅप करायला कार्ड पुढं धरतं, आणि दोनशेची टिप धरून रक्कम ५१०० होते. मशीन पिन मागतं, गिऱ्हाईकाला वाटतं काहीतरी बिघडलं. मग गल्ल्यावरचा माणूस ४९०० वेगळे आणि २०० वेगळे असे दोन व्यवहार करतो. रात्री तो दोनशेचा व्यवहार कुठल्याच बिलाशी जुळत नाही. इथं गिऱ्हाईकाला आधीच सांगायचं की टिपसकट पाच हजारांच्या वर जातंय, पिन लागेल. युपीआयची अडचण याहून निराळी आहे. मशीनच्या पडद्यावर येणाऱ्या क्यूआरमध्ये रक्कम आधीच ठरलेली असते, गिऱ्हाईकाला ती वाढवता येत नाही. भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआरवर गिऱ्हाईक हवी ती रक्कम टाकतं, पण तिथं टिपची ओळच नाही. युपीआयवाल्याला टिप द्यायची असेल तर ती सरळ वाढप्याच्या फोनवर देणं उत्तम, आणि मालकानं त्याला आडकाठी करू नये.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो मालक थोडा हळू आवाजात काढतात. क्रेडिट कार्डावर बँक कमिशन कापते. दोन टक्के धरले तर ६५० च्या टिपवर ₹१३. हे हॉटेलनं का सोसायचे? सोसावेत, असंच मला वाटतं. गिऱ्हाईकानं त्या पोराला शंभर दिले, अठ्ठ्याण्णव दिले नाहीत. कार्ड घेण्याची सोय हॉटेलनं आपल्या विक्रीसाठी ठेवलेली आहे आणि तिचा खर्च विक्रीत बसतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून जो टिपचा कायदा लागू झाला, त्यातही मालकाला कार्डाचं कमिशन टिपमधून कापून घेता येत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून ज्या मालकाला हा खर्च जड वाटतो त्यानं निदान किती कापणार ते आधी सांगून, लिहून कापावं. न सांगता केलेली दहा टक्क्यांची ‘कटिंग’ मात्र कमिशन नव्हे, तो दुसऱ्याच्या पैशाला लावलेला हात आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप कामगारांच्या बाजूनंच येतो. टिप वाढणाऱ्याला मिळते, पण पिठलं ज्यानं रटरटवलं तो वस्ताद, तंदूरसमोर घामाघूम झालेला माणूस, भांडी घासणाऱ्या बाया, यांचं काय? त्यांच्यापर्यंत गिऱ्हाईक पोचतच नाही. म्हणून सगळी टिप एका डब्यात टाकून वाटावी असं कित्येक ठिकाणी ठरवलेलं असतं, आणि ते न्याय्यच आहे. पण डब्यात वाटायची तर डब्यात किती पडले ते आधी सगळ्यांना कळायला हवं. रोख टिपेचा डबा सगळ्यांसमोर उघडता येतो. कार्डावरच्या टिपेचा डबा म्हणजे सेटलमेंट स्लिपवरची टिपची ओळ. ती नसेल तर वाटणीचं सूत्र कितीही चांगलं असो, ते कशाला लावायचं तेच माहीत नाही. एकट्याला द्यायची असो की सगळ्यांत वाटायची, आकडा आधी हवा. त्यासाठी सेटलमेंटच्या स्लिपेची एक प्रत मुदपाकखान्याच्या दाराशी लावली तरी पुरे.

राहिली गोष्ट वेळेची. बँक पैसे दुसऱ्या दिवशी देते, मग टिप महिन्याच्या पगाराबरोबर दिली तर काय बिघडलं, असं मालक विचारतात. ब्रिटनचा कायदासुद्धा पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मुभा देतो. पण महामार्गावरच्या हॉटेलात पोरं टिकत नाहीत. कुणी शेतीच्या हंगामाला गावी जातं, कुणी पुढच्या हॉटेलात दोन हजार जास्त मिळतात म्हणून एका रात्रीत निघून जातं. गेलेल्या पोराची टिप मागे राहते आणि तिचा वाली कुणी नसतो. गल्ल्यात त्याच रात्री रोकड असते. वहीत नाव, रक्कम, सही एवढं करून ती देता येते, आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून आलेल्या रकमेनं गल्ला भरून निघतो. एक दिवसाचे सहाशे पन्नास रुपये हॉटेलाला जड नाहीत. मशीनवर टिपची सोय नसेल तर बँकेला तसं लेखी कळवायचं, आणि ती सुरू होईपर्यंत वाढीव रकमेच्या प्रत्येक स्लिपेच्या पाठीवर पेनानं बिल नंबर, टिप आणि टेबलावरच्या पोराचं नाव लिहून ठेवायचं.